तापीच्या बारशाला फुईचा निरोप

भावाला मुलगी झाली आणि मी इथे लीड्समध्ये. आमच्या चोपड्याकडच्या घरात फुईशिवाय बारसं म्हणजे घुगऱ्यांशिवाय बारसं. पण रजा नव्हती. पाळण्याजवळ चुलत बहिणीने बसायचं आणि मी दोघांना शुभेच्छा लिहून पाठवायच्या, असं ठरलं.

नाव ठरलं होतं तापी. फोनवर आजीने ऐकलं आणि म्हणाली, "तापी? हाई काय नाव से?" तिच्या सोबतच्या दोघी तापीबाई होत्या. तिला ते नाव म्हातारं वाटत होतं. भावाच्या मित्रांनी तर ‘घराला ताप’ हा विनोद आधीच करून घेतला होता. म्हणजे माझ्या आशीर्वादाला नुसतं ‘सुंदर नाव’ म्हणून चालणार नव्हतं. नावावर कुणी हसलं तर आईबापाच्या हातात उत्तर असायला हवं.

पहिला मजकूर रात्रीच लिहिला आणि सकाळी सहाला उठून घरच्या ग्रुपवर टाकला. सुरुवातच ‘आमच्या तापीला’ अशी. तिकडे तेव्हा साडेदहा वाजले होते आणि बारसं होतं संध्याकाळी पाचला. कानात कुर्र व्हायच्या आधीच नाव फुटलं! लगेच पुसून टाकलं खरं, पण फोनच्या पडद्यावर पहिली ओळ वर दिसतेच. ती वहिनीच्या माहेरी तीन जणांनी वाचली होती. भाऊ हसला. वहिनी हसली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. त्या दिवशी गावाला नाव कळतं ते पाळण्यापाशी, फुईच्या तोंडून. इकडे इंग्लंडमध्ये जन्माची नोंद करायला 42 दिवस मिळतात, तरी शेजारीण दवाखान्यातच नाव सांगून मोकळी होते. तिला हे बारा दिवस दम धरणं समजावून सांगता आलं नाही.

मग दुपारपर्यंत बसून मजकूर नव्याने लिहिला. पहिल्या वेळी मी ‘नदीसारखी शांत राहा’ असं काहीतरी घातलं होतं. ते खोडलं. तापी शांत नाही, हे तिच्या काठच्या माणसाला सांगावं लागत नाही. ‘कीर्तिवंत हो, यशवंत हो’ हेही काढलं. ते कुठल्याही मुलीच्या पाळण्यावर टांगता येतं. या घराचं म्हणून काय उरतं, ते शोधत गेले तेव्हा पूल आठवला. आमचं गाव तापीच्या उत्तरेला, वहिनीचं माहेर दक्षिणेला, जळगावकडे. वरात विदगावच्या पुलावरून आली होती, आणि मधे गाडी थांबवून वहिनीने नदीत नारळ सोडला होता. शेवटी लिहिलं ते असं:

"प्रिय भाऊ आणि वहिनी,
लेकीच्या बारशाच्या खूप खूप शुभेच्छा. तुम्ही निवडलेलं नाव मला फार आवडलं. तापी म्हणजे सूर्याची लेक. तिच्या नावातला ताप बापाकडून आलेला आहे, उन्हाचा, दुखण्याचा नव्हे. कुणी हसलं तर एवढं सांगा.
गोदावरी, कृष्णा पूर्वेला गेल्या. ही मुलताईला उगवली आणि पश्चिमेला निघाली, सुरतेपुढे समुद्रापर्यंत. आपल्या लेकीलाही वेगळी वाट धरावीशी वाटली, तर तुम्ही दोघांनी तिला अडवू नये.
चांगदेवला तिला पूर्णा भेटते, पुढे गिरणा, मुडावदला पांझरा. तशाच हिला चांगल्या मैत्रिणी मिळोत.
वहिनी, तुमच्या माहेराच्या आणि सासरच्या मधून ही नदी वाहते. आता तीच तुमच्या मांडीवर आहे. दोन्ही काठांची माया तिला मिळो.
बाळाला फुईचा आशीर्वाद: माय, तुला पाणी कधी कमी पडू नये."

शेवटचं वाक्य आजीसाठी. उन्हाळ्यात हंड्यांची रांग पाहिलेल्या बाईला त्याचा अर्थ लगेच कळतो. वरची नद्यांची नावं मात्र मी नकाशाशी ताडून घेतली. आशीर्वादात एखादी नदी चुकीच्या गावी नेऊन सोडली, तर आमच्याकडे वीस वर्षं ती चूक ऐकावी लागते.

या वेळी पाठवण्याची घाई केली नाही. व्हिडिओवर बघत बसले. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत नटवलेला वरवंटा पाळण्याखालून गेला, चुलत बहीण वाकली, कुर्र झालं आणि बायांनी तिच्या पाठीत धपाधप घातले. तेव्हा माझ्याकडे साडेबारा होऊन गेले होते. मग बटण दाबलं.

रात्री वहिनीचा निरोप आला. मजकूर आजीला दोनदा वाचून दाखवला म्हणे. खाली एक ओळ होती: "नाव आधी फोडल्याचे धपके वेगळे आणि फुईचे वेगळे. दिवाळीला आलात की दोन्ही मिळतील."