तुम्ही विचारलंत म्हणून : भावफलकाच्या फोटोवरून तक्ता

“बाजार समितीतल्या भावफलकाचा फोटो मोबाइलवर आला आहे. त्यावरून शेतमाल, प्रत, एकक आणि दर असा नीट तक्ता कसा करायचा?”

फलकावरचे भाव वाचण्याआधी त्यावरची सर्वांत वरची ओळ वाचावी, कारण एकक बहुधा तेथे एकदाच लिहिलेले असते आणि पुढच्या कोणत्याही ओळीत ते पुन्हा येत नाही. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळभाज्यांचे भाव दहा किलोला सांगितले जातात, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांना, लिंबांचे गोणीला आणि डाळिंबाचे किलोला. ज्या फोटोत मथळ्याची ओळ कापली गेली आहे, त्या फोटोतला प्रत्येक आकडा संशयास्पद ठरतो. अशा वेळी अंदाजाने एकक भरण्यापेक्षा फोटो पुन्हा मागवावा. फोटो काढणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवावे की फलकासमोर सरळ उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा आणि तारीख चौकटीत येऊ द्या. चकचकीत रंगाच्या फलकावर फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका मधल्या दोन-तीन भावांवर पडतो.

समजा, फलकावर वर “दर १० किलो” असे लिहिले आहे आणि त्याखाली पुढील ओळी आहेत. आकडे येथे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. “कांदा नं. १ : १८०-२२०/-”, त्याखाली “〃 नं. २ : १४०-१७०/-”, मग “〃 गोल्टी : ८०-११०/-”, नंतर “बटाटा आग्रा : १६०-२००/-”, आणि थोडी जागा सोडून “कोथिंबीर (शे.) : ९००-१५००/-”, “मेथी 〃 : १०००-१४००/-”. सहाच ओळी आहेत, पण काळजीपूर्वक पाहिल्या तर चुकण्याच्या बहुतेक सगळ्या जागा त्यांत आहेत.

पहिली जागा म्हणजे वरीलप्रमाणे या अर्थाची दुहेरी खूण. दुसऱ्या ओळीत ती केवळ “कांदा” या शब्दाच्या जागी आहे, कारण प्रत तिच्या पुढे वेगळी लिहिली आहे. शेवटच्या ओळीत मात्र तीच खूण मेथीसमोर, म्हणजे “(शे.)” या एककाखाली आली आहे. म्हणजे खुणेचा अर्थ ती कोणत्या रकान्यात पडते यावरून ठरतो, आणि म्हणूनच तक्त्यात ती खूण कधीही तशीच उतरवू नये. प्रत्येक ओळीत पूर्ण शब्द लिहावा. पुढे कोणी तक्ता भावाच्या क्रमाने लावला, की वरची ओळ वर राहत नाही आणि खुणेला काहीही अर्थ उरत नाही.

दुसरी जागा जात आणि प्रत यांची. “नं. १”, “नं. २” आणि “गोल्टी” हे मालाच्या दर्जाविषयी किंवा आकाराविषयी सांगतात, म्हणून ते प्रतीच्या रकान्यात जातात. “आग्रा” हे बटाट्याच्या ठिकाणाचे नाव आहे. ते जातीच्या रकान्यात जाते आणि त्या ओळीतली प्रत रिकामी राहते. राज्य पणन मंडळाच्या तक्त्यांत “जात/प्रत” असा एकच रकाना असतो, त्यामुळे ही गल्लत आपल्याकडे अंगवळणी पडली आहे. तरीही माझा आग्रह दोन वेगळ्या रकान्यांचा आहे, कारण एकाच जातीच्या दोन प्रतींतला फरक पाहायचा झाला तर एकत्र लिहिलेला मजकूर नंतर सोडवत बसावा लागतो.

तिसरी जागा आकड्यांची. भावापुढे मारलेली तिरकी रेघ घाईत लिहिली, की ती १ सारखी दिसते आणि “२२०/-” चे “२२०१” होते. खडूने लिहिलेल्या १ आणि ९ या अंकांची गाठ तर रोजचीच आहे. कोथिंबिरीचा भाव “१००-१५००” असा वाचला गेला, तर किमान आणि कमाल भावांत पंधरापट अंतर पडते. एवढे अंतर असलेली ओळ पुन्हा फोटो मोठा करून पाहावी. पण “१००-१८०” आणि “९००-९८०” या दोन्ही वाचनांतले अंतर विश्वास बसण्यासारखे असते, म्हणून तेथे आदल्या दिवसाचा भाव किंवा त्याच हाताने त्याच फलकावर लिहिलेला दुसरा ९ शोधणे एवढाच उपाय आहे. अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर छापील फलकावर बऱ्यापैकी चालते, पण खडूच्या फलकावर त्याने दिलेला मजकूर तपासण्यात हाताने भरण्याइतकाच वेळ जातो.

तक्ता भरताना किमान आणि कमाल भाव वेगळ्या रकान्यांत घालावेत. एकाच चौकटीत “8-12” असे टाइप केले, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते. दर इंग्रजी अंकांत भरणेही सोयीचे, कारण देवनागरी अंक बहुतेक वेळा मजकूर म्हणून बसतात; रकान्याची बेरीज शून्य दिसू लागली, की हेच झाले आहे असे समजावे. वरचा फलक मग असा उतरतो :

```
ओळ,शेतमाल,जात,प्रत,एकक,किमान,कमाल
1,कांदा,,नं. १,10 किलो,180,220
2,कांदा,,नं. २,10 किलो,140,170
3,कांदा,,गोल्टी,10 किलो,80,110
4,बटाटा,आग्रा,,10 किलो,160,200
5,कोथिंबीर,,,100 जुडी,900,1500
6,मेथी,,,100 जुडी,1000,1400
```

यात फलकावर जे नाही ते काहीही घातलेले नाही. क्विंटलचा भाव हवा असेल, तर तो पुढच्या वेगळ्या रकान्यात काढावा आणि मूळ रकान्यांना हात लावू नये. किमान भावासाठी सूत्र एवढेच आहे :

```
=IF(E2="10 किलो",F2*10,"")
```

म्हणजे नंबर एकच्या कांद्याचा भाव क्विंटलला १८०० ते २२०० रुपये होतो आणि कोथिंबिरीसमोरची चौकट रिकामी राहते. ती रिकामीच राहिली पाहिजे. जुडीचे वजन हंगामागणिक आणि बांधणाऱ्या हातागणिक बदलते, त्यामुळे शेकड्याच्या भावाला वजनात नेण्याचा कोणताही आकडा मनाचाच असतो.

किमान आणि कमाल यांची सरासरी काढून तिला “सर्वसाधारण दर” म्हणण्याचा मोहही अनेकांना होतो. बाजार समितीच्या नोंदीत सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने बहुतांश माल विकला गेला तो भाव. निवडक थोड्या गोण्या २२० ला गेल्या आणि बाकीचा सगळा माल १९० च्या आसपास सुटला, तर २०० ही सरासरी कोणत्याच मोठ्या व्यवहाराचा भाव सांगत नाही. फलकावर तो रकाना नसेल, तर तक्त्यातही नसावा.

तपासणीसाठी मी तीनच गोष्टी पाहतो : कमाल भाव किमान भावापेक्षा कमी तर नाही ना, नंबर दोनचा माल नंबर एकपेक्षा महाग तर दिसत नाही ना, आणि कालच्या तुलनेत एखादा भाव थेट दहापट वा दहावा हिस्सा झालेला नाही ना. शेवटच्या प्रकारात भाव क्वचितच बदललेला असतो; बहुधा एकक बदललेले असते, म्हणजे दहा किलोच्या जागी क्विंटल किंवा किलो आलेला असतो. भावाच्या जागी नुसती आडवी रेघ असेल, तर तिचा अर्थ त्या समितीतल्या लिहिणाऱ्यालाच विचारावा, कारण कोठे ती आवक नसल्याची खूण असते, तर कोठे भाव कालचाच असल्याची. उत्तर मिळेपर्यंत भावाची चौकट रिकामी ठेवून शेवटी जोडलेल्या शेऱ्याच्या रकान्यात “रेघ” असे लिहावे, आणि त्याच ओळीत तारीख व फोटोच्या फाइलचे नाव टाकावे, म्हणजे शंका निघाली की मूळ फलक लगेच उघडून पाहता येतो.