बारामोटेची विहीर आणि सातवा परिच्छेद

मासिकाला अठराशे शब्द हवे होते, खर्डा सव्वीसशेचा झाला होता. विषय होता साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर. वाक्यं तासून फार तर दीड-दोनशे शब्द निघतात, बाकीचे सहाशे परिच्छेदांतूनच जावे लागतात. म्हणून खर्डा चार दिवस बंद ठेवला. एक रात्र पुरते असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण दुसऱ्या दिवशी आपली वाक्यं आपल्याला पाठच असतात आणि कागदावर नसलेलंही डोळे वाचून घेतात.

चार दिवसांनी लेख छापून घेतला, वेगळ्या टंकात, ओळींत दुप्पट अंतर ठेवून. पहिलं वाचन एका बैठकीत आणि हातात पेन न घेता. पेन असलं की पहिल्या पानावरच ऱ्हस्व-दीर्घ सुरू होतं. शिवाय घासूनपुसून लख्ख केलेलं वाक्य पुढे कापवत नाही, म्हणून क्रम नेहमी मोठ्याकडून लहानाकडे.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक वाक्य लिहायचं: हा परिच्छेद काय सांगतो? त्या वाक्यात क्रियापद हवंच. ‘वीरूबाईंविषयी’ ही ओळ चालत नाही. ‘वीरूबाई भोसल्यांनी विहीर बांधून घेतली’ ही चालते. क्रियापद सापडत नसेल तर परिच्छेद नुसता विषयाभोवती फिरतोय. दोन वाक्यं लागली तर त्यात दोन परिच्छेद आहेत. आणि दोन परिच्छेदांना एकच ओळ आली तर त्यांतला एक जातो.

मग फक्त समास वाचला. पहिले चार परिच्छेद साताऱ्याहून जायचा रस्ता, शाहू महाराजांचा राज्याभिषेक, गादीचे तंटे यांत गेले होते. लेखाचा प्रश्न मात्र ‘विहीर अशी का बांधली?’ हा होता आणि त्याचं उत्तर सातव्यात सुरू होत होतं: बैल धावेवरून, म्हणजे काठापासूनच्या उतारावरून, उतरतात, नाडा म्हणजे जाड दोर ताणला जातो, पाण्याने भरलेली कातडी मोट वर येते, सोंदूर ही दुसरी दोरी मोटेची सोंड धरून ठेवते आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, पडून पाटाला लागतं. अशा बारा मोटा एका विहिरीवर चालवायच्या तर काठाची रचना वेगळी लागणारच. तो परिच्छेद दुसरा केला, पहिल्या चारांतून तीन वाक्यं ठेवली. इथेच जवळजवळ पाचशे शब्द गेले.

परिच्छेद हलवले की एक गोष्ट हमखास मोडते. पारिभाषिक शब्द समजावण्याआधीच येऊन जातो, ‘वर म्हटल्याप्रमाणे’ लिहिलेलं खाली राहतं, ‘ती’ म्हणजे विहीर की वीरूबाई ते कळेनासं होतं. त्यासाठी असा प्रत्येक शब्द पहिल्यांदा जिथे आला तिथे गोल करायचा आणि त्याचा अर्थ तिथेच आहे का ते पाहायचं. थारोळं दुसऱ्या परिच्छेदात होतं, अर्थ सहाव्यात.

वाक्यांसाठी मोठ्याने वाचन. श्वास पुरत नाही तिथे खूण, दुरुस्ती नंतर. मराठीत दम लागतो तो बहुधा विशेषणांच्या साखळीने: ‘विहिरीच्या काठाला लागून असलेल्या आणि जिन्याने जोडलेल्या महालाच्या…’ ज्याच्याविषयी बोलतोय ते नाम शेवटी येतं, तोवर वाचकाने सगळं डोक्यावर धरायचं. तोडून ‘काठाला लागून महाल आहे. जिना तिथूनच खाली उतरतो.’ असं केलं. सरकारी वळणही याच वाचनात ऐकू येतं. ‘सदर विहिरीच्या पाण्याद्वारे आमराईस पाणीपुरवठा करण्यात येत असे’ याचं ‘या पाण्यावर आमराई भिजायची’ झालं. आपल्याकडची निम्मी संपादकीय खाती पहिलंच वाक्य शुद्ध म्हणून सोडून देतात.

शब्दांपाशी आल्यावर संगणक उपयोगी पडतो. ‘असले’ शोधलं की असलेला, असलेली, असलेल्या एकदम सापडतात. जोर देणाऱ्या ‘च’साठी ‘च’ आणि पुढे मोकळी जागा असं शोधायचं. ‘पाच’ही हाती लागतो, तो सोडायचा. तीन पानांत एकवीस ‘च’ निघाले, चार ठेवले. शुद्धलेखन तपासकाची मदत घ्यावी, पण ‘पाट’च्या जागी ‘पाठ’ पडला तर त्याला दोन्ही मान्य असतात. विहीर दीर्घ आणि विहिरीत ऱ्हस्व, हेही स्वतःच पाहिलेलं बरं.

नावं आणि आकडे सगळ्यांत शेवटी, वेगळ्या बैठकीत, शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे. अर्थाचा ओघ तुटला की आकडा सुटा दिसतो. एके ठिकाणी शके १६४१ ते १६४६ होतं, दुसरीकडे इ.स. १७१९ ते १७२४. अठ्ठ्याहत्तर मिळवले की हिशेब जुळतो, पण वाचकाने तो का करायचा? शक एकदाच ठेवला, पुढे इसवी सन.

महालाच्या शिल्पांवरचा दीडशे शब्दांचा परिच्छेद मी काढला. समासातली ओळ चोख होती, क्रियापदासकट. फक्त ती ‘विहीर अशी का’ याचं उत्तर देत नव्हती. संपादकांनी तो चौकटीत परत मागितला आणि पत्रं आली ती त्या चौकटीवरच, मोटेवर एकही नाही. आता पुढच्या लेखाच्या समासात अशा ओळीपुढे फुली मारायची की ‘चौकट’ लिहायचं, हे अजून ठरत नाहीये.