गुरुपौर्णिमेचे व्हिडिओ

काल गुरुपौर्णिमेला माजी विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर शुभेच्छांचे सदतीस व्हिडिओ पाठवले आणि संध्याकाळपर्यंत माझ्या फोनने जागा संपल्याची सूचना दिली. घाईने पुसायला बसणार, तोच नातीने हात धरला. चॅटमधून व्हिडिओ पुसताना गॅलरीतूनही काढायची खूण राहिली, तर तो फोनमधूनच जातो, हे मला ठाऊक नव्हते.

आज सकाळी तिने टाइप-सीचा पेन ड्राइव्ह फोनला जोडला आणि फाइल्सच्या अ‍ॅपमधून WhatsApp Video हा फोल्डर उघडला. तिथे VID-20250710-WA0014.mp4 अशी नावे होती. त्यात तारीख होती, पण पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता. म्हणून प्रत्येक व्हिडिओ पाहून त्याला विद्यार्थ्याचे नाव आणि दहावीचे वर्ष देत मी तो पेन ड्राइव्हवर उतरवला. (हजेरीपटाची सवय अशी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते!) दोन व्हिडिओ फोल्डरमध्ये सापडेनात, कारण चॅटमध्ये ते धूसरच होते, म्हणजे मी ते उतरवूनच घेतले नव्हते. असे व्हिडिओ फार दिवस तसेच ठेवले तर पुढे उघडत नाहीत, असे ती म्हणाली, म्हणून तेही लगेच उतरवून पेन ड्राइव्हवर घेतले.

एक व्हिडिओ अर्धाच चालला. घाईत पेन ड्राइव्ह उपसल्याचा तो परिणाम. मूळ प्रत फोनमध्ये होती, म्हणून निभावले. आता पेन ड्राइव्हवरचे सदतीसही उघडून पाहतो आहे. अजून पुसलेला एकही नाही. तोवर सुप्रभातचे फॉरवर्ड मात्र निःशंकपणे काढून टाकले.