पंच्याहत्तर अंशांचा रेझोनन्स

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला पोलचा पेंड्युलम लावला होता. तांब्याचं चाक, त्याला सर्पिल स्प्रिंग, एका बाजूने मोटर स्प्रिंगचं टोक हलवते आणि खाली विद्युतचुंबकाचा ब्रेक. चाकाची स्वतःची वारंवारता ०.५० हर्ट्झ. एका मुलीने जर्नल पुढे केलं. तिचा विस्ताराचा आलेख ०.४७ला सर्वांत उंच होता.

"परत रीडिंग घे. रेझोनन्सला फेज ९० अंश मागे असते. तुझी किती आली?"

"पंच्याहत्तर, सर."

मला वाटलं, वेग बदलल्यावर चाक स्थिरावू न देताच घाईने वाचलं असणार. तिने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. सेकंदाला ३० फ्रेम. मोटरचा दांडा टोकाला पोचल्यापासून चाक टोकाला पोचेपर्यंत तिने फ्रेम मोजल्या होत्या: एका आवर्तनाच्या ६४ फ्रेममध्ये १३हून किंचित जास्त. फेज ९० अंश असती तर १६ आल्या असत्या.

मग तिने विचारलं, "शिखर ०.५०ला असतं तर दोन्ही बाजू साधारण सारख्या उतरायला हव्यात ना?" तिच्या तक्त्यात ०.४४ला विस्तार १०.१ घरं होता, ०.५०ला १०.० आणि ०.५६ला जेमतेम ८.१. शिखर इतकं सपाट की डोळ्यांनी नेमकं सापडत नाही, पण दोन्ही उतारांतला फरक लपत नव्हता.

मोटर बंद करून मी चाक १५ घरांवर नेऊन सोडलं. एका आवर्तनात ते ३ घरांवर आलं. म्हणजे ब्रेक फारच कडक होता, आधीच्या बॅचने करंट वाढवून तसाच ठेवलेला. विस्तार पाचपट घटतो यावरून अवमंदन गुणोत्तर ζ साधारण ०.२५ निघतं. f₀√(1 − 2ζ²) मध्ये घातलं की ०.४७ हर्ट्झ, आणि तिथली फेज बरोबर ७५ अंश.

फेज ९० अंश होते ती ०.५०लाच. तिथे ढकलणं आणि चाकाचा वेग पूर्ण आवर्तनभर एकाच दिशेला असतात, म्हणून वेग कमाल होतो. पण विस्तार म्हणजे आवर्तनातला कमाल वेग भागिले कोनीय वारंवारता. थोडं हळू हलवलं तर वेग किंचित घटतो, पण भाजक त्याहून जास्त घटतो, म्हणून विस्ताराचं शिखर अलीकडे सरकतं. ब्रेक सैल असेल तर वेगाचं शिखर इतकं टोकदार असतं की हे सरकणं रीडिंगमध्ये दिसतच नाही. मी इतकी वर्षं सैल ब्रेकवरच शिकवत आलो होतो.

तिच्या जर्नलवर सही केली. त्याच सेटवर बसलेल्या बाकीच्यांचे आलेख ०.५०ला देखणे, दोन्ही बाजूंनी सारखे उतरणारे होते. त्यांच्यावर मी सकाळीच सह्या केल्या होत्या.