टीव्ही फर्मवेअर पेनड्राइव्हवरून: फाईल आहे पण टीव्ही विचारतच नाही

माझा एलजीचा टीव्ही नेटला जोडलेलाच नाहीये, मुद्दाम, कारण मला त्यावर फक्त एचडीएमआयने बाहेरचा बॉक्स चालवायचाय आणि होमस्क्रीनवर रोज नवीन काहीतरी उगवलेलं नकोय. पण साउंडबारला एचडीएमआयच्या एआरसी जोडणीतून येणारा टीव्हीचा आवाज मधेच जायचा आणि नव्या फर्मवेअरच्या नोंदीत नेमकं एआरसीचंच काहीतरी दुरुस्त केलंय असं लिहिलं होतं, म्हणून म्हणलं चला, पेनड्राइव्हवरून करू.

फाईल शोधताना टीव्हीच्या मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. सिरीज आणि इंच सारखे असले तरी वेगळ्या देशातल्या मॉडेलमधे ट्यूनर किंवा बोर्ड वेगळा असू शकतो. चुकीची फाईल टीव्ही बहुतेक वेळा स्वतःच नाकारतो, पण त्या भरवशावर प्रयोग करायचे नसतात.

डाउनलोड झिपमधे येतं, आत .epk फाईल असते. पेनड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर LG_DTV नावाचा फोल्डर करायचा, त्यात ती .epk थेट टाकायची, आणि टीव्ही चालू असताना पेनड्राइव्ह लावायचा, मग टीव्ही आपणहून विचारतो अपडेट करू का. सॅमसंगवाल्यांचं वेगळं, तिथे फाईल उघडली की आतलं सगळं पेनड्राइव्हच्या वरच्या पातळीवर ठेवायचं आणि सॉफ्टवेअर अपडेटच्या मेनूत जाऊन यूएसबी निवडायचं.

तर मी लावला पेनड्राइव्ह आणि काहीच नाही. ना प्रश्न ना एरर.

इथे लोक एकदम दहा गोष्टी बदलत बसतात आणि मग कशाने चाललं तेच कळत नाही. माझी पद्धत साधी आहे, त्याच पेनड्राइव्हवर एक साधा jpg फोटो टाकायचा आणि टीव्हीच्या फोटो बघायच्या अॅपमधे तो दिसतो का बघायचं. फोटो दिसला म्हणजे टीव्हीला पेनड्राइव्ह वाचता येतोय, मग घोळ फोल्डरचं नाव, फाईलची जागा नाहीतर व्हर्जनमधे. विंडोजचं एक्स्ट्रॅक्ट ऑल बऱ्याचदा फोल्डरच्या आत अजून एक फोल्डर बनवतं आणि तेवढ्या आत टीव्ही बघत नाही, किंवा दोनदा डाउनलोड झाल्याने नावात (1) घुसलेलं असतं. आणि फाईलची व्हर्जन टीव्हीतल्याइतकीच किंवा जुनी असेल तर तो साधारणपणे विचारतच नाही, त्यामुळे टीव्हीच्या माहितीच्या पानावरचा आकडा आधी टिपून ठेवा.

माझा फोटोही दिसला नाही. म्हणजे घोळ पेनड्राइव्हच्याच मांडणीत. तो आधी लिनक्स इन्स्टॉल करायला वापरलेला होता, नंतर साधा फॉरमॅट मारलेला, पण साध्या फॉरमॅटने पार्टिशन टेबल बदलत नाही. विंडोजच्या diskpart मधे list disk दिलं तर त्या ओळीच्या शेवटी Gpt च्या रकान्यात चांदणी होती, तिथेच कळलं की टेबल अजून जीपीटी प्रकारचंच आहे. बऱ्याच टीव्हींना एमबीआर प्रकारचं टेबल आणि एफएटी३२ फॉरमॅट हेच नीट पचतं. मग हे केलं:

```
list disk
select disk 2
clean
convert mbr
create partition primary
format fs=fat32 quick
assign
```

इथला 2 माझ्या मशीनवरचा आहे, तुमचा आकार बघून ओळखा, कारण clean निवडलेल्या डिस्कचं पार्टिशन टेबल एका फटक्यात उडवतं आणि तिथे कोणी परत विचारत नाही. शक्यतो ३२ जीबीपर्यंतचाच पेनड्राइव्ह घ्या, त्यापेक्षा मोठ्यावर विंडोज एफएटी३२ द्यायला कुरकुर करतं.

फाईल परत टाकल्यावर पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला (नाहीतर कॉम्प्युटर मेमरीतलीच कॉपी वाचून सगळं ठीक म्हणतो) आणि पॉवरशेलमधे

```
Get-FileHash E:\LG_DTV\*.epk
```

चालवून हार्डडिस्कवरच्या मूळ फाईलच्या हॅशशी जुळवलं. पेनड्राइव्ह खराब असला तर तो इथेच पकडला जातो, टीव्हीत अर्ध्यात नाही.

यावेळी फोटो दिसला आणि लगेच वर अपडेटचा प्रश्न आला. हो म्हणलं की टक्के सरकायला लागतात, मधे बराच वेळ एकाच आकड्यावर थांबल्यासारखं वाटतं, तेव्हा पेनड्राइव्ह किंवा प्लग उपटायचा मोह आवरा, बंद पडलेला बोर्ड मग घरी सहसा उठत नाही. नंतर टीव्ही स्वतः रिस्टार्ट झाला आणि माहितीच्या पानावर नवीन आकडा आला.

सेटिंग सगळं पुन्हा एकदा फिरून बघितलं, ऑटो अपडेट बंदच आहे, चित्राचे मोडही जागेवर आहेत. एआरसी आत्तापर्यंत तरी तुटलेलं नाही, पण बॉक्स स्लीपमधून उठताना आवाज जायचा तो भाग अजून नीट तपासायचाय. जुनी व्हर्जन ठेवून दिलीये खरी, पण ती परत घालायला टीव्ही सहसा देत नाही, त्यामुळे आवाज पुन्हा गेलाच तर पुढच्या फाईलची वाट बघणं आलं.