प्रक्षेपण सराव नोंद : दोन दृश्ये, तीन उत्तरे

सध्याच्या सरावासाठी घेतलेला ठोकळा साधा आहे. समोरील दृश्य ६० मिमी रुंद व ४० मिमी उंच आयत असून त्यात तळापासून २० मिमी उंचीवर एक आडवी रेषा आहे. वरील दृश्य ६० × ५० मिमीचा आयत असून त्यात पुढच्या कडेपासून २० मिमीवर एक रेषा आहे. तुटक रेषा कुठेही नाही. काढायचे आहे ते डाव्या बाजूचे दृश्य.

प्रथम कोन पद्धतीत वस्तू पाहणारा आणि प्रक्षेपण प्रतल यांच्या मध्ये असते, त्यामुळे वरील दृश्य खाली आणि डावीकडचे दृश्य उजवीकडे येते. तृतीय कोन पद्धतीत प्रतल मध्ये असल्याने ती अनुक्रमे वर आणि डावीकडे येतात. मात्र दृश्य स्वतः बदलत नाही, केवळ त्याची जागा बदलते. वस्तूची पुढची बाजू प्रथम कोनात समोरील दृश्यापासून दूर असते आणि तृतीय कोनात त्याच्याजवळ असते, एवढे लक्षात ठेवले की पाठांतराची गरज मला तरी उरत नाही.

प्रथम कोनात उंची समोरील दृश्यातून आडव्या रेषांनी नेली आणि खोली वरील दृश्यातून ४५ अंशांच्या रेषेवरून वळवून घेतली. पुढची बाजू उजव्या टोकाला आली. तिथे २० मिमी उंचीवर एक बिंदू मिळतो आणि त्यापासून २० मिमी आत, ४० मिमी उंचीवर दुसरा. हे दोन बिंदू कसे जोडायचे, हे मात्र दिलेली दृश्ये सांगत नाहीत. काटकोनी पायरी, ४५ अंशांचा सरळ उतार आणि २० मिमी त्रिज्येचा आत वळलेला पाव वर्तुळाचा चाप, या तिन्ही आकारांची समोरील व वरील दृश्ये तंतोतंत सारखीच येतात. बाहेर फुगलेला चाप मात्र बाद होतो, कारण तो दोन्ही पृष्ठांना स्पर्शून मिळतो आणि मग त्या जागी कड, म्हणजेच रेषा, उरत नाही.

दिशा उलटली आहे का, हे समोरील दृश्याकडे परतून पाहता येते : पायरी मागे गेली असती, तर तिची २० मिमीवरील रेषा तुटक दिसली असती.

उत्तर एकच राहावे म्हणून पुढच्या कडेपासून १० मिमीवर, १० मिमी व्यासाचे उभे आरपार छिद्र घेतले. तिन्ही आकारांत तळाकडून वर येणाऱ्या छिद्राच्या उभ्या कडा समोरून तुटक रेषांनी दिसतात, पण पायरीत त्या २० मिमीवर संपतात आणि वर काहीच दिसत नाही. उतारावर छिद्राचे तोंड समोरून १० मिमी व्यासाचे पूर्ण वर्तुळ दिसते, त्याचे केंद्र ३० मिमी उंचीवर. चापावर तेच तोंड सुमारे ६ मिमी उंचीच्या दबलेल्या अंडाकृतीसारखे उमटते.