होडी बुडाली आणि पाणी उतरलं

आठवीच्या ‘बल व दाब’ या पाठात प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल, आलं, की मी बादली, माती आणि नाणी घेऊन वर्गात जाते. खाडीकाठच्या गावातली आमची शाळा. मुलांनी होड्या जन्मापासून पाहिलेल्या, त्यामुळे ‘लोखंडाची बोट तरंगते कशी’ हा प्रश्न त्यांना परका नाही. उत्तरही तयार असतं: “बाई, आत हवा असते म्हणून.” ते चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलं की होडीने बाजूला सारलेल्या पाण्यापर्यंत कोणी पोचत नाही. त्या पाण्यापर्यंत वर्ग पोचला तो दिवस सांगते.

आदल्या वर्षी मी गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडूची माती आणली होती. हाताळायला छान, पण पाण्यात होडीचा तळ पाझरायला लागतो, कडा मऊ पडून वाकतात आणि पाणी गढूळ होऊन खुणा दिसत नाहीत. म्हणून या खेपेस दुकानातली रंगीत तेलकट क्ले घेतली. पोषण आहाराच्या ताईंकडून वजनकाटा मागून आणला आणि प्रत्येक गटाला बरोबर १०० ग्रॅम क्ले दिली. नाणी एक रुपयाचीच, आणि तीही एकाच आकाराची निवडली. जुना रुपया मोठा आणि जड असतो, तो मधे आला की हिशोब फसतो. आमच्या नाण्यांपैकी दहा काट्यावर ठेवली तर ३८ ग्रॅम भरली.

सुरुवात बादलीतच केली, कारण भोवती सगळ्यांना उभं राहता येतं. क्लेचा गोळा टाकला, तळाशी गेला. “आता हीच माती तरंगवून दाखवा.” दोन मुलांनी लाटल्यासारखी चपटी पोळी केली. तीही गेली तळाला. ही पायरी मी कधीच गाळत नाही, कारण ‘पसरट केलं की तरंगतं’ हा समज मुलांच्या मनात खोल असतो. मग कोणीतरी पोळीच्या कडा वर वळवल्या आणि ती तरंगली. लगेच मागून आवाज आला, “होडी केली की माती हलकी होते.” मी ती होडी पुसून काट्यावर ठेवायला लावली. १०० ग्रॅम. गोळाही १००, पोळीही १००, होडीही १००. वजन तेच, माती तीच, पाणी तेच. मग बदललं काय?

“पाणी जास्त सारलं का, ते बघूया,” मी म्हटलं, आणि इथे बादलीने साथ सोडली. आमची बादली वरून २५ सेंटिमीटर रुंद. तिच्यात १०० मिलिलिटर पाणी ओतलं तरी पातळी जेमतेम दोन मिलिमीटर चढते. एका गटाने बादली काठोकाठ भरून सांडणारं पाणी परातीत धरायचं ठरवलं. तेही जमलं नाही. काठावर पाणी फुगून उभं राहतं, सांडतच नाही, आणि मग एकदम भसकन सांडतं. त्याच गोळ्याने एकदा ३० मिलिलिटर पाणी सांडलं, एकदा ८०. असे आकडे आले की दोष मुलांच्या हाताला देऊ नये. एवढ्या रुंद तोंडावर पाणी एक मिलिमीटर फुगलं, तरी त्यात जवळजवळ ५० मिलिलिटर मावतं.

म्हणून मोजायला मी लोणच्याची रिकामी प्लॅस्टिकची बरणी ठेवली होती. सरळ भिंतीची, पारदर्शक, १३ सेंटिमीटर रुंद. बाहेरून आलेखाच्या कागदाची उभी पट्टी चिकटवली, वर सेलोटेप. निम्मी बरणी भरून ‘शून्य’ची रेघ मारली. मग मोजपात्राने १०० मिलिलिटर पाणी ओतलं. पातळी साडेसात मिलिमीटर चढली. तिथे तांबड्या पेनाने दुसरी रेघ मारली आणि ओतलेलं पाणी काढून पातळी पुन्हा शून्यावर आणली.

आता गोळा सोडला. पाणी चार मिलिमीटर चढलं. मुलांच्या मते हा गोळा ‘भरपूर पाणी सारणारा’, कारण तो अख्खा आत गेलेला. होडी तर वरवरच बसणार, मग तिने पाणी कमीच सारायला हवं. मी सगळ्यांना अंदाज वहीत लिहायला लावला. सव्वीसपैकी एकोणीस जणांनी लिहिलं, ‘होडीने पाणी गोळ्यापेक्षा कमी चढेल.’

होडी अलगद ठेवली. पाणी चढलं, गोळ्याची खूण ओलांडून वर गेलं आणि तांबड्या रेघेवर येऊन थांबलं. डोळा पातळीच्या समोर आणून प्रत्येकाने वाचलं. पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणजे सहासात मिलिलिटरची चूक धरायलाच हवी. तरीही होडी आणि ते १०० मिलिलिटर पाणी एकाच रेघेवर आले होते, याबद्दल कोणाला शंका उरली नाही. १०० ग्रॅमच्या होडीने १०० मिलिलिटर पाणी सारलं, आणि गोड्या पाण्याच्या १०० मिलिलिटरचं वजन १०० ग्रॅमच असतं. गोळ्याची मात्र लांब वात करून मोजपात्रात सोडली तर पाणी ५५ मिलिलिटरच चढलं. त्याला स्वतःच्या आकारमानापुरतंच पाणी सारता येतं. सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकाच आधार पाणी देतं. ५५ ग्रॅमचा आधार आणि १०० ग्रॅमचं ओझं, म्हणून तो तळाला गेला. पोळीचंही तेच झालं. कडा वळवल्यावर मात्र पाणी आत शिरू शकलं नाही आणि तेवढी जागा होडीच्या मालकीची झाली.

फळ्यावर हे एवढंच लिहिलं: बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाइतकं पाणी सारते, तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं.

मग नाणी. होडीत एकेक रुपया ठेवायचा आणि होडी किती पेलते ते पाहायचं. हा खेळ मुलांच्या आवडीचा. पहिल्या गटाने सगळी नाणी एका बाजूला रचली आणि नवव्या नाण्याला होडी कलंडून पाणी आत शिरलं. कलंडणं आणि वजनाने बुडणं या दोन वेगळ्या गोष्टी, म्हणून नाणी मधून सुरू करून चारही बाजूंनी सारखी पसरायची. दुसऱ्या गटाची होडी नीट होती. बावीस नाणी झाली, कड पाण्यापासून केसभर वर राहिली. पातळी शून्यापासून जवळजवळ चौदा मिलिमीटर वर. होडीचे १०० आणि नाण्यांचे ८४, मिळून १८४ ग्रॅम, आणि चौदा मिलिमीटर म्हणजे तितकेच मिलिलिटर. तेविसावं नाणं टेकवलं. होडी गेली.

सगळ्यांचं लक्ष होडीकडे होतं, ओरडाही तिच्यासाठीच झाला. पट्टीजवळ बसलेली एक मुलगी, एरवी वर्गात आवाजही न काढणारी, म्हणाली, “बाई, पाणी उतरलं.”

“बुडाल्यावर पाणी चढतं गं, उतरेल कसं?” बाजूचा मुलगा म्हणाला.

मी वाकून पाहिलं. पाणी पाच मिलिमीटरवर होतं. अकरा वर्षं मी हा तास घेते आहे, पण होडी बुडते त्या क्षणी पट्टीकडे माझं लक्ष कधीच गेलं नव्हतं. मनात आधी आलं, पाणी उडालं असेल. टेबलावर थेंब होते, पण चमचाभरही नव्हते, आणि नऊ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १२० मिलिलिटर पाणी. ते सांडलं असतं तर वह्या भिजल्या असत्या. मी म्हटलं, खात्री करू. होडी आणि नाणी बाहेर काढली, त्यांना चिकटलेलं पाणी बरणीतच निथळू दिलं. पातळी शून्याच्या रेघेवर, अगदी किंचित खाली. पाणी कुठेही गेलं नव्हतं.

मग त्या मुलीलाच फळ्यापाशी बोलावलं. तिने फळ्यावरच्या वाक्याकडे पाहिलं आणि हळूहळू मांडणी केली. तरंगताना होडी आणि नाणी आपल्या वजनाइतकं पाणी सारत होती. बुडाल्यावर ती फक्त आपल्या आकारमानाइतकं सारणार. क्लेचे ५५ आधीच मोजलेले होते. नाण्यांचं माहीत नव्हतं, म्हणून मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी घेऊन तेवीस नाणी सोडली. पाणी ६१ वर गेलं. म्हणजे ८७ ग्रॅम नाणी बुडून केवळ ११ मिलिलिटर पाणी सारतात. ५५ आणि ११, एकूण ६६. ‘६६ मिलिलिटर म्हणजे पट्टीवर किती?’ हे मी विचारायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, “पाच मिलिमीटर!”

मघाचा तो मुलगा बराच वेळ बरणीकडे पाहत उभा होता. त्याचे वडील मासेमारीच्या होडीवर जातात. त्याने विचारलं, “म्हणजे होडीतला नांगराचा दगड खाडीत सोडला, की खाडीचं पाणी उतरतं?” उतरतं, पण खाडी एवढी मोठी की कोणाला दिसणार नाही. बरणीत मात्र दिसेल. खाडीचं पाणी खारट, थोडं जड, म्हणून तिथे तेवढंच ओझं पेलायला होडीला थोडं कमी पाणी सारावं लागतं, हेही तेव्हाच सांगून घेतलं.

मैदानातून काळ्या दगडाचा तुकडा आला. काट्यावर ८४ ग्रॅम, मोजपात्रात ३० मिलिलिटर. होडी पुन्हा वळून, दगड तिच्यात ठेवून पातळीची खूण केली. आता दगड उचलून बरणीत सोडला तर? या वेळी अंदाज आकड्यात लिहायचा होता. होडीत असताना दगडामुळे ८४ मिलिलिटर, तळाशी ३०, फरक ५४. म्हणजे चार मिलिमीटर उतार. दगड सोडला. चार मिलिमीटरच्या खुणेपाशी पाणी थांबलं.

तास संपल्याची घंटा झाली होती, पण कोणी हललं नाही. एकाने खिडकीतला लाकडाचा तुकडा आणला. “बाई, हा होडीतून काढून पाण्यात टाकला तर किती उतरेल?” वर्गातून दोन, तीन, पाच असे आकडे यायला लागले. पट्टीजवळची ती मुलगी मात्र वहीत काहीतरी खोडत बसली होती. मग तिने वही वर धरली. तिथे शून्य लिहिलेलं होतं.

लाकूड होडीत ठेवलं, खूण केली. मग तिनेच ते उचलून अलगद पाण्यावर सोडलं. होडी थोडी वर आली, लाकूड तिच्या शेजारी डुलत राहिलं, आणि पातळी खुणेवरून हलली नाही.